अनुवादकाची कामाची नोंद : विनवणी नव्हे, पुरावा

बालाघाटच्या न्यायालयीन आणि महसुली कागदांची भाषा हिंदी. शेजारच्या गोंदियात ती मराठी. 1956 पर्यंत हे दोन्ही भाग नागपूर राजधानी असलेल्या एकाच प्रशासनाखाली होते. आजही सोयरीक, वाटणी, शेतजमीन यांच्या निमित्ताने कागद सीमा ओलांडतात आणि त्यांना अनुवादक लागतो. स्वतंत्रपणे हे काम करणारे तरुण समाजमाध्यमांवर बहुधा असे लिहितात : 'हिंदी-मराठी अनुवाद करून मिळेल. काम असल्यास कृपया कळवावे.' यातून वाचणाऱ्याला अनुवादकाची गरज कळते, कुवत कळत नाही.

कुवत दिसण्यासाठी एक नमुना पुरतो. समजा, हिंदी वाक्य असे आहे : 'दोनों पक्षों के मध्य राजीनामा हो गया है।' शब्दाला शब्द ठेवणारा लिहील, 'दोन्ही पक्षांमध्ये राजीनामा झाला आहे.' मराठी वाचक बुचकळ्यात पडेल, कारण आपल्याकडे राजीनामा म्हणजे पद सोडणे. मध्य प्रदेशातील न्यायालयीन हिंदीत त्याचा अर्थ आपसांतील समझोता. म्हणून योग्य अनुवाद : 'दोन्ही पक्षांत तडजोड झाली आहे.'

नोंदीत हेच चार टप्प्यांत मांडावे : मूळ वाक्य, सहज होणारी चूक, आपला पर्याय आणि त्यामागचे कारण. पाचवी ओळ परिणामाची. 'ग्राहक अत्यंत समाधानी' हा परिणाम नव्हे. 'बारा पानांचा मसुदा; वकिलांनी दोन शंका विचारल्या, दोन्ही नावांच्या लेखनाविषयी' हा परिणाम आहे, कारण तो मोजता येतो. अर्थात तो खरोखर घडलेला असावा. अजून काम मिळालेच नसेल, तर 'सरावासाठी केलेला नमुना' असे स्पष्ट लिहावे. नमुन्याचे मोल त्याने कमी होत नाही.

येथे एक धोका आहे. अशिलाचे नाव खोडले तरी गाव आणि खसरा क्रमांक राहिला, तर शेजारी जमीन ओळखतात. त्यामुळे खरा कागद दाखवूच नये. त्याच अडचणीचे वाक्य स्वतः रचावे.

शेवटची ओळ विनंतीची नसून कामाच्या अटींची असावी : 'जमीन व वारसाहक्काचे कागद घेतो, वैद्यकीय अहवाल घेत नाही. पृष्ठसंख्या, एक नमुना पान आणि हवी असलेली तारीख कळवल्यास दर सांगतो.' जे करत नाही ते सांगितल्याने नको ती विचारणा दारातच थांबते, आणि जमिनीचा कागद हातात असलेल्याला आपण योग्य ठिकाणी आलो हे कळते.

नोंद साधली की नाही, हे येणाऱ्या पहिल्या प्रश्नावरून ओळखावे. 'पानाला किती घेता?' एवढेच सगळे विचारत असतील, तर नमुन्याने आपला वेगळेपणा दाखवलेला नाही. 'आमच्या कागदातही असाच एक शब्द अडला आहे' असे कोणी लिहिले, तर योग्य माणूस आला असे समजावे.