शेवटच्या दोन मिनिटांचे त्रैराशिक

7 एप्रिल 2008. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरात अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना सुरू होता. मेम्फिस 60, कॅन्सस 51. घड्याळात 2 मिनिटे 12 सेकंद उरली होती. त्या क्षणी कुणी विचारले असते की दोन्ही संघांचे मिळून शेवटी किती गुण होतील, तर शाळेतल्या त्रैराशिकाने उत्तर लगेच निघाले असते. कॉलेजचा सामना 40 मिनिटांचा. 37 मिनिटे 48 सेकंदांत 111 गुण झाले, म्हणजे मिनिटाला जवळपास 2.94. उरलेल्या वेळात आणखी साडेसहा. एकूण 117, फार तर 118.

निर्धारित वेळ संपली तेव्हा फलक होता 63-63, म्हणजे 126. बरोबरीमुळे पाच मिनिटांचा जादा वेळ खेळवला गेला, कॅन्ससने 75-68 अशी बाजी मारली आणि एकूण बेरीज 143 वर गेली. हिशेब करणाऱ्याचा गुणाकार चुकला नव्हता. शेवटची दोन मिनिटे आधीच्या अडतीस मिनिटांसारखीच जातील हे त्याने धरून चालणे, तिथे गडबड झाली.

दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज, म्हणजे टोटल, हा अमेरिकेतल्या सट्टेबाजारातला मोठा व्यवहार आहे. बुकी एक आकडा लावतो, बहुधा अर्धा गुण धरून, म्हणजे बरोबरी होऊ नये. लोक ‘ओव्हर’ किंवा ‘अंडर’ घेतात. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना क्रीडा-सट्टा कायदेशीर करण्याची मुभा दिली. आता सामना सुरू असताना हा आकडा सारखा हलत असतो. भारतात 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, त्यामुळे इथल्या वाचकासाठी हा विषय हिशेबाचाच. पण हिशेब म्हणून तो खरोखर रंजक आहे, कारण क्रिकेटच्या प्रक्षेपणात पडद्यावर झळकणाऱ्या संभाव्य धावसंख्येपेक्षा तो बराच खोल जातो.

बास्केटबॉलमध्ये असा अंदाज मुळात करता येतो, याचे श्रेय एका भागाकाराला द्यावे लागेल. 1950 मध्ये फोर्ट वेन पिस्टन्सने मिनियापोलिस लेकर्सला 19-18 असे हरवले. दोन्ही संघांचे मिळून अवघे 37 गुण! पुढे असलेल्या संघाने चेंडू नुसता हातात धरून ठेवायचा, हे तेव्हा नियमांत बसत होते. प्रेक्षक वैतागले होते. सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी असा विचार केला की चांगल्या, रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण 120 फेकी करतात. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे 2880 सेकंदांचा. भागाकार केला, उत्तर आले 24. 1954 पासून एनबीएमध्ये प्रत्येक संघाला 24 सेकंदांच्या आत बास्केटकडे चेंडू फेकावाच लागतो. त्या शॉट क्लॉकमुळे खेळाला एक ठोका मिळाला, आणि ठोका असला की मोजदाद शक्य होते.

मात्र ती मोजदाद मिनिटांत करण्यापेक्षा ताब्यांत करावी. एका संघाच्या हाती चेंडू आला आणि तो दुसऱ्याकडे गेला, की एक ताबा झाला. खेळातले लोक त्याला पझेशन म्हणतात. एनबीएच्या सामन्यात अलीकडे प्रत्येक संघाला ढोबळमानाने शंभर ताबे मिळतात, म्हणजे सरासरी 14-15 सेकंदांना एक. थेट सामन्यात ते एकेक मोजत बसायची गरज नसते. संघाने केलेल्या फेकी घ्यायच्या, त्यात गमावलेले चेंडू मिळवायचे, फ्री थ्रोंच्या संख्येला 0.44 ने गुणून तेही मिळवायचे आणि आपल्याच चुकलेल्या फेकीनंतर परत मिळवलेले चेंडू, म्हणजे आक्रमक रिबाउंड, वजा करायचे. 0.44 हा विचित्र आकडा यासाठी की फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, आणि काही फ्री थ्रो तर बास्केट झाल्यावर बक्षिसासारखे एकटे येतात. त्यांनी वेगळा ताबा खर्ची पडत नाही.

या मोजणीचा उपयोग कुठे होतो ते पाहू. समजा, दोन संघांच्या सामन्यात साधारण 228 गुणांची अपेक्षा होती: प्रत्येकी शंभर ताबे, ताब्यामागे 1.14 गुण. मध्यंतराला फलकावर मिळून 124 गुण आहेत. दुप्पट केले तर 248. टीव्हीसमोर बसलेला माणूस हेच करतो. पण ताबे मोजले तर ते प्रत्येकी 51 निघतात. म्हणजे वेग नेहमीपेक्षा किंचितच जास्त. त्या वेगाने अर्ध्या सामन्यात 116 गुण व्हायला हवे होते. वरचे आठ गुण नेमबाजीतून आले: कुणाचे तरी तीन-गुणी शॉट सलग पडले असतील. वेग संघाच्या स्वभावातून येतो आणि तो बहुतेक टिकतो. नेम मात्र सरासरीकडे ओढला जातो. झालेले 124 गुण कुणी काढून घेणार नाही, पण पुढच्या अर्ध्यासाठी 116 च धरायचे. अंदाज 240 वर येतो. आठ गुणांचा हा फरक ‘सामना फार तापलाय’ एवढ्या निरीक्षणातून कधीच कळला नसता.

हे गणित तिसऱ्या सत्रात, चौथ्याच्या पूर्वार्धात बरे चालते. मग फाउल सुरू होतात.

मागे पडलेल्या संघाची अडचण साधी असते. चेंडू पुढच्या संघाकडे आहे आणि तो 24 सेकंद आरामात घालवू शकतो. घड्याळ थांबवायचा हातातला उपाय म्हणजे मुद्दाम फाउल. एनबीएमध्ये एका सत्रातल्या पाचव्या सांघिक फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. चार फाउल झाले नसले तरी शेवटच्या दोन मिनिटांत दुसऱ्याच फाउलपासून तीच शिक्षा लागू होते. व्यावसायिक खेळाडू दहापैकी पावणेआठ फ्री थ्रो टाकतात, म्हणजे दोन फेकींमागे सरासरी 1.55 गुण. नेहमीच्या ताब्याला 1.14 मिळत होते. म्हणजे मागचा संघ समोरच्याला जास्त गुण देऊन वेळ विकत घेतो. महागडा सौदा, पण दुसरा उपाय नसतो.

बेरजेच्या दृष्टीने दोन गोष्टी एकदम घडतात. ताब्यामागचे गुण वाढतात आणि ताबा आखूड होतो. फाउल तीन-चार सेकंदांत होतो, मागचा संघ पुढच्या सात-आठ सेकंदांत घाईने फेक करतो. असा एक फेरा 12 सेकंदांचा आणि अडीच गुणांचा धरला, तर मिनिटात पाच फेरे, म्हणजे बारा-तेरा गुण. एरवी त्याच मिनिटात पाचाच्याही आत होतात. शिवाय चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाले तरी घड्याळ थांबते, आणि टाइमआउट असतात ते वेगळेच. भिंतीवरच्या घड्याळाची दोन मिनिटे पंधरा-वीस मिनिटे चालतात, हे कुणी सामना पाहिला असेल त्याला सांगायला नको.

पण हे फेरे सुरू होतील की नाही, ते गुणांच्या फरकावर ठरते. दोन मिनिटे उरली असताना फरक एक-दोन गुणांचा असेल, तर दोन्ही संघ बराच वेळ नेहमीसारखा बचाव करतात. फाउलची पाळी आली तर शेवटच्या अर्ध्या मिनिटात. तिथे बेरजेला खरा धोका बरोबरीचा, कारण जादा वेळ एका दमात वीसेक गुण टाकून जातो. फरक पाच ते नऊच्या आसपास असेल तर फाउल लवकर आणि पुन्हा पुन्हा होतात. फरक पंधराच्या वर गेला तर प्रशिक्षक मुख्य खेळाडू बाकावर बसवतात, राखीव पोरे वेळ काढतात आणि गुणांचा ओघ उलट आटतो. त्यामुळे शेवटच्या टप्प्यात बेरजेचा अंदाज करणाऱ्याने बेरजेकडे कमी आणि वजाबाकीकडे जास्त पाहावे. 105-98 आणि 111-92 या दोन्ही फलकांची बेरीज 203 च. पुढे जे घडते त्यात मात्र काहीच साम्य नसते.

आता सॅन अँटोनिओत नेमके काय झाले ते पाहा. फरक नऊ, म्हणजे फाउलसाठी अगदी पोषक. कॅन्ससचा डॅरेल आर्थर दोन गुण घेतो. मेम्फिस चेंडू आत फेकायला जातो तो शेरॉन कॉलिन्स पळवतो आणि थोड्या वेळात तीन-गुणी शॉट मारतो: 60-56. मेम्फिसचा ख्रिस डग्लस-रॉबर्ट्स दोन फ्री थ्रो टाकतो, उलट बाजूला मारिओ चाल्मर्स दोन टाकतो. 62-58. सव्वा मिनिट उरले असताना डग्लस-रॉबर्ट्स पुन्हा रेषेवर येतो. कॉलेजच्या नियमाप्रमाणे काही फाउलांवर पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. त्याचा पहिलाच हुकतो. आर्थर आणखी दोन गुण घेतो. मग डग्लस-रॉबर्ट्स दोन्ही हुकवतो, चेंडू मेम्फिसलाच मिळतो, डेरिक रोजवर फाउल होतो, तो एक हुकवतो आणि एक टाकतो. 63-60. उरलेल्या दहा-अकरा सेकंदांत चाल्मर्स धावत येतो आणि 2.1 सेकंद बाकी असताना तीन-गुणी शॉट मारतो.

दोन मिनिटे बारा सेकंदांत पंधरा गुण, मिनिटाला जवळपास सात. आधीच्या वेगाच्या दुपटीहून जास्त. आणि यातली गंमत अशी की मेम्फिसने शेवटच्या सव्वा मिनिटात पाचपैकी चार फ्री थ्रो हुकवले होते! वरवर पाहता हुकलेला फ्री थ्रो बेरीज कमी करतो. चारही पडले असते तर कदाचित 126 ऐवजी 129-130 गुण झाले असते आणि सामना तिथेच संपला असता. हुकल्यामुळे फरक मिटला, जादा वेळ आला आणि त्यात आणखी सतरा गुण पडले. मेम्फिसने चाल्मर्सला शॉटआधी फाउल केला नाही, त्याचेही तसेच. तीन गुणांनी पुढे असलेल्या संघाने असा फाउल केला तर समोरच्याला फार तर दोन गुण मिळतात आणि बरोबरी बहुधा टळते.

म्हणून शहाणा अंदाज एका आकड्यात सांगता येत नाही. 60-51 वर ‘बहुधा 121 ते 127, आणि थोडी शक्यता 140 च्या पुढची’ असे म्हणणे जास्त प्रामाणिक ठरले असते. 129 ते 135 च्या पट्ट्यात मात्र फारच थोडे सामने थांबतात: तिथे पोहोचायला निर्धारित वेळ पुरत नाही आणि जादा वेळ आला तर तो पट्टा ओलांडून जातो. सरासरी काढली की नेमकी या ओसाड जागेकडे सरकते. संगणकावर सामना हजारो वेळा खेळवून पाहणारे म्हणूनच सरासरीऐवजी सगळ्या निकालांचा पसारा पाहतात.

फाउलांची ही शर्यत ज्यांना पटत नव्हती त्यांत निक एलम हे इंडियानातल्या बॉल स्टेट विद्यापीठाचे प्राध्यापक होते. त्यांनी सुचवले की शेवटच्या टप्प्यात घड्याळच काढून टाका आणि एक लक्ष्य ठरवा. जो आधी गाठेल तो जिंकला. वेळच नाही, मग फाउल करून वाचवायचे काय? 2020 च्या फेब्रुवारीत शिकागोत झालेल्या एनबीए ऑल-स्टार सामन्यात हे वापरले गेले. तीन सत्रांनंतर फलक 133-124 होता. पुढच्या संघाच्या 133 मध्ये 24 मिळवून लक्ष्य 157 ठेवले. 24 हा त्याच वर्षी जानेवारीत अपघातात गेलेल्या कोबी ब्रायंटच्या जर्सीचा क्रमांक. त्या क्षणी बेरजेला तळ आणि छत दोन्ही मिळाले. हरणाऱ्याने एकही गुण घेतला नाही तरी 281, आणि कितीही चुरस झाली तरी 315 च्या वर नाही, कारण विजयी संघ 156 वरून तीन-गुणी शॉट मारून फार तर 159 वर जाऊ शकतो आणि हरणारा 156 च्या पुढे नाही. अँथनी डेव्हिसच्या फ्री थ्रोने सामना 157-155 वर संपला. बेरीज 312.