वाटी मागून झिजली तर…

खांद्याचा सांधा झिजल्याचं साध्या एक्स-रेतही दिसतं: हाताच्या हाडाचा गोळा आणि खांद्याच्या पात्यावरची उथळ वाटी यांच्यातली फट नाहीशी झालेली असते. कोणता कृत्रिम सांधा बसवायचा, हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वाटी नेमकी कुठं झिजली आहे हे सीटी स्कॅनमध्ये पाहतात. गोळ्याला वाटीच्या मध्यावर धरून ठेवणारे चार स्नायू, म्हणजे रोटेटर कफ, शाबूत आहेत का, हे एमआरआय सांगतो.

समजा, 72 वर्षांच्या एका गृहस्थांचा कफ अखंड आहे. अशा खांद्यात सहसा नैसर्गिक रचनेचाच सांधा बसवतात: हाताला धातूचा गोळा, पात्याला प्लास्टिकची वाटी. पण सीटीत दिसतं की गोळा मागं सरकलाय आणि मूळ वाटीच्या मागच्या भागात दुसरा खड्डा पडलाय. ल्यों शहरातल्या जिल वॉल्श यांच्या गटानं 1999 मध्ये झिजेचं जे वर्गीकरण मांडलं, त्यात या प्रकाराला ‘बी-2’ म्हणतात. या रुग्णाची वाटी 25 अंश मागं कललेली आहे.

अडचण इथंच आहे. वाटी कललेली राहिली तर नवा गोळाही मागंच सरकतो. मागच्या कडेवर दाब आला की प्लास्टिकची पुढची कड उचलली जाते. हात हलेल तशी वाटी डुलत्या घोड्यासारखी डुलते आणि सिमेंटची पकड ढिली होते. काही वर्षांनी दुखणं परत येतं आणि एक्स-रेत वाटीभोवती काळी रेघ रुंदावत जाते. पुढचं हाड तासून वाटी सरळ करता येते, पण साधारण 15 अंशांपर्यंतच. त्यापुढं तासलं तर टणक हाड संपतं आणि वाटीच्या खुंट्या पात्याच्या पुढच्या बाजूनं बाहेर येऊ शकतात. मागून जाड असलेली पाचरीसारखी वाटी हा एक पर्याय. तरुण, धडधाकट रुग्णात तोच आधी विचारात घेतला जातो.

दुसरा पर्याय ‘रिव्हर्स’ सांधा. दिजाँचे पॉल ग्रामाँ यांनी 1985 मध्ये तो पुढे आणला, तोही कफ फाटलेल्या खांद्यांसाठी. कफ नसला की खांद्यावरचा जाड डेल्टॉइड स्नायू गोळ्याला वर ओढतो आणि प्लास्टिकची वाटी मग वरच्या कडेवर डुलते. ग्रामाँ यांनी गोळा पात्यावर बसवला, वाटी हाताकडे दिली आणि फिरण्याचा मध्य आत व खाली नेला. त्यामुळे डेल्टॉइड एकटाही हात उचलू शकतो. शिवाय पात्यावरचा गोळा स्क्रूंनी घट्ट बसतो आणि वाटीला मागं घसरायला फारसा वाव राहत नाही. म्हणून कफ शाबूत असूनही, बी-2 झीज जास्त असेल तर वयस्कर रुग्णांत अनेक सर्जन आता रिव्हर्स निवडतात.

याची किंमतही आहे. हात फडताळापर्यंत पोचतो, पण पाठीमागं, मागच्या खिशापर्यंत, जाईलच असं नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत खुर्चीतून उठताना त्या हातावर रेटा दिला तर सांधा निखळू शकतो. काही महिन्यांनी खांद्याच्या टोकावर नव्यानं दुखू लागलं, तर तिथल्या हाडाला बारीक तडा गेलाय का, हे तपासावं लागतं. तो साध्या एक्स-रेत सुटून जातो, सीटीत सापडतो.