भूक मरण्याआधी

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये काही वर्षांपूर्वी एक प्रयोग झाला. चाळीस निरोगी तरुण-तरुणींना, प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी, सलग दहा तास एका बिनखिडकीच्या खोलीत एकटं ठेवण्यात आलं. फोन काढून घेतला होता. खोलीत एक संगणक होता, पण तो फक्त अडीनडीला संशोधकांना निरोप द्यायला. बाथरूमला जायचं तर आधी कळवायचं, म्हणजे वाटेत आणि आत कोणी नाही याची खात्री करता येई. जेवण दारात ठेवून निघून जायचे. इतकंच काय, दिवसाच्या शेवटी मेंदूच्या स्कॅनसाठी एमआरआय यंत्रात एकट्यानं कसं शिरायचं, हेही त्यांना आधी शिकवून ठेवलं होतं. माणसाचं तोंड दिसता कामा नये, एवढाच हेतू. दुसऱ्या एका दिवशी त्याच लोकांनी दहा तास उपवास केला.

स्कॅन करताना त्यांना चित्रं दाखवली: जेवणाची, माणसं एकत्र हसत-खेळत असल्याची आणि फुलांची. उपाशी माणसानं जेवणाचं चित्र पाहिलं की मध्यमेंदूतला एक इवलासा भाग सळसळायचा. हवंहवंसं वाटणं, ओढ लागणं याच्याशी त्याचा संबंध असतो. दहा तास एकटं राहिलेल्यानं माणसांचं चित्र पाहिलं तेव्हाही तोच भाग सळसळला. लिव्हिया टोमोव्हा आणि रिबेका सॅक्स यांच्या गटाचं हे संशोधन 2020 साली प्रसिद्ध झालं.

शिकागो विद्यापीठातले जॉन कॅसिओपो हे आधीपासूनच मांडत आले होते. अन्न कमी पडतंय हे भूक सांगते, तसं आपल्या माणसांशी असलेला धागा सैल होतोय हे एकटेपणा सांगतो. आदिमानवाच्या काळात टोळीपासून तुटलेला माणूस फार दिवस जगत नसे. तेव्हा तुटताना काहीतरी टोचलं पाहिजे, म्हणजे तो परत फिरेल. थोडक्यात, एकटं वाटणं हा स्वभावदोष नाही आणि लाजायचं तर मुळीच कारण नाही.

पण दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरात निवृत्त बाई एकट्याच राहतात. सकाळी फिरायला जाणाऱ्या दोघीतिघी ठरलेल्या, रविवारी बहिणीचा फोन, दुपारी वाचन. दुसऱ्या घरात आजोबा मुलगा, सून आणि नातवंडांसह राहतात. जेवायला सगळे एका टेबलाशी, पण ज्याच्या-त्याच्या हातात फोन. आजोबांना कोणी विचारतं ते एवढंच: ‘गोळ्या घेतल्यात ना, बाबा?’ शेजारपाजार बाईंसाठी हळहळतो, आजोबांना भाग्यवान म्हणतो.

संशोधक मात्र घरातली डोकी मोजत बसत नाहीत. ते तीन प्रश्न विचारतात. सोबतीची उणीव किती वेळा जाणवते? आपल्याला वगळलंय असं किती वेळा वाटतं? इतरांपासून तुटल्यासारखं किती वेळा वाटतं? उत्तर ‘क्वचितच’ असेल तर एक गुण, ‘कधीकधी’ला दोन, ‘नेहमी’ला तीन. बाई तिन्हीला ‘क्वचितच’ म्हणाल्या तर त्यांची बेरीज तीन, म्हणजे सर्वांत कमी. आजोबा पहिल्या दोन्हींना ‘नेहमी’ आणि तिसऱ्याला ‘कधीकधी’ म्हणाले तर आठ, कमाल नऊ. हा आजाराचा निवाडा नव्हे, अंदाज आहे. पण राहणं आणि वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात स्वच्छ दिसतं. आजोबांना आणखी गर्दी देऊन उपयोग नाही. ती त्यांच्याकडे आहेच.

भुकेचा दाखला एका ठिकाणी मात्र अपुरा पडतो. उपाशी माणूस ताट समोर आलं की जेवतो. बरेच दिवस एकटं वाटत राहिलेला माणूस समोर आलेल्या माणसाकडेच संशयानं पाहू लागतो, असं कॅसिओपोंना आढळलं. सुनेनं सहज विचारलं, ‘आज खाली नाही गेलात?’ तर त्यांना ऐकू येतं, ‘घरात अडचण होते तुमची.’ मग ते तुटक उत्तर देतात, सून पुढच्या वेळी विचारत नाही, आणि संशय खरा ठरतो. म्हणून ‘जरा चार माणसांत मिसळा’ हा आपल्याकडचा लाडका सल्ला अनेकदा वाया जातो. एकटेपणा कमी करण्याच्या उपायांची एकत्र तपासणी 2011 साली झाली, तेव्हा नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा हे वाकडं ऐकू येणं सुधारणारे उपाय जास्त लागू पडलेले दिसले.

एमआयटीच्या त्याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. जे लोक मुळातच बऱ्याच काळापासून एकटे वाटत असल्याचं सांगत होते, त्यांच्या मेंदूतली ती सळसळ माणसांची चित्रं पाहून कमीच झाली. फार वेळ जेवण टळलं की भूक मरते म्हणतात, तशातला प्रकार वाटतो. त्यामुळे ‘मला कोणी नको, मी बरा आहे’ असं घरातलं माणूस म्हणू लागलं, तर लगेच हायसं वाटून घेऊ नका. पूर्वीही ते असंच एकटं रमायचं का, एवढं आठवून पाहा. तसं नसेल, तर फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा आणि गोळ्यांखेरीज दुसरं काहीतरी विचारा. पहिलं उत्तर तुटक आलं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.