तीन वर्षांचा रोखा, पण पैसे २.७८ वर्षांत

रोखा तीन वर्षांचा म्हणजे पैसे तीन वर्षांनी परत, हा हिशेब थोडा चुकतो. व्याज मधल्या काळातही हातात पडतं. मग पैसे सरासरी किती काळ अडकले? फ्रेडरिक मॅकॉले यांनी १९३८मध्ये त्या सरासरीला ‘ड्युरेशन’ हे नाव दिलं.

दर्शनी किंमत १००० रुपये, वर्षाला ८ टक्के व्याज, बाजारातला परतावाही ८ टक्केच. पहिल्या वर्षाच्या ८० रुपयांचं आजचं मोल ७४.०७ रुपये, दुसऱ्याचं ६८.५९, आणि शेवटी मुद्दलासकट येणाऱ्या १०८० रुपयांचं ८५७.३४. बेरीज १०००, म्हणजेच रोख्याचा आजचा भाव. आता प्रत्येक मोलाला त्याच्या वर्षाने गुणायचं: ७४.०७, १३७.१७ आणि २५७२.०२. ही बेरीज, २७८३.२६, भावाने भागली की २.७८ वर्षं. शेवटच्या रकमेचं वजनच एवढं, की सरासरी तिच्याकडे ओढली जाते.

इथेच थांबून ‘दर एक टक्का वाढला की भाव २.७८ टक्के पडणार’ असं म्हणणारे बरेच भेटतात. आधी १.०८ने भागायला हवं. उत्तर येतं २.५८, हे सुधारित ड्युरेशन.

पडताळून पाहू. परतावा ९ टक्के झाला तर भाव ९७४.६९, घट २५.३१ रुपये, अंदाज होता सुमारे २५.८०. उलट ७ टक्क्यांना भाव २६.२४ने चढतो. भावाचा आलेख सरळ नसून वक्र आहे, म्हणून दर जितका जास्त हलेल तितका हा अंदाज ढळतो.