खोल्या किती गेल्या आणि किती भावाने गेल्या?

चोर्ला घाट ओलांडून बेळगावात शिरले की हॉटेल व्यवसायाचा हंगाम बदलतो. गोव्यात हंगाम म्हणजे हिवाळ्याचे काही महिने, सलग. बेळगावात मात्र वर्षातले दहा-बारा दिवस असे येतात की साध्या लॉजमध्येही खोली मिळत नाही. सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन ऑक्टोबर 2012 मध्ये झाले. तिथे कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते, बहुधा डिसेंबरात. त्या दिवसांत अधिकारी, पोलीस, पत्रकार आणि कामासाठी आलेली माणसे शहरात उतरतात आणि प्रशासनही हॉटेलांच्या खोल्या आरक्षित करते. अशा शहरात नव्याने छोटे हॉटेल घेणाऱ्या मालकाला दोन आकडे नीट समजले नाहीत, तर डिसेंबरचा हिशेब त्याची हमखास दिशाभूल करतो.

पहिला आकडा ऑक्युपन्सीचा, म्हणजे उपलब्ध खोल्यांपैकी शेकडा किती विकल्या गेल्या. दुसरा सरासरी दैनिक दराचा, ज्याला व्यवसायात एडीआर म्हणतात. विकल्या गेलेल्या प्रत्येक खोलीमागे एका रात्रीचे सरासरी किती रुपये मिळाले, हे तो सांगतो. दोन्हींचे एकक एकच, एका खोलीची एक रात्र. वीस खोल्यांच्या हॉटेलकडे 31 दिवसांच्या डिसेंबरात विकण्यासाठी अशा 620 रात्री असतात. आज न विकलेली रात्र उद्या विकता येत नाही, म्हणून गणित खोल्यांचे न करता रात्रींचे करायचे.

बेळगावातले असे वीस खोल्यांचे एक हॉटेल कल्पनेने घेऊ. अधिवेशनाच्या दहा रात्रींत उपलब्ध 200 पैकी 190 रात्री 2,200 रुपये दराने गेल्या. उत्पन्न 4 लाख 18 हजार. उरलेल्या 21 रात्रींत उपलब्ध 420 पैकी 168 रात्री 1,250 रुपयांनी गेल्या. उत्पन्न 2 लाख 10 हजार. महिन्याची बेरीज केली तर 358 रात्री विकल्या गेल्या आणि 6 लाख 28 हजार रुपये आले.

इथे पहिली चूक होते. अधिवेशनात 95 टक्के आणि एरवी 40 टक्के, म्हणून सरासरी साडेसदुसष्ट टक्के, असे अनेक जण तोंडी मांडतात. ते चूक आहे, कारण दहा दिवसांचे आणि एकवीस दिवसांचे वजन सारखे नसते. 358 ला 620 ने भागले की खरी ऑक्युपन्सी 57.7 टक्के निघते. त्याचप्रमाणे 6 लाख 28 हजारांना 358 ने भागले की एडीआर 1,754 रुपये येतो. हा आकडा बरोबर असला तरी पूर्ण महिन्यात एकाही पाहुण्याने 1,754 रुपये दिलेले नाहीत! म्हणून नोव्हेंबरच्या तुलनेत एडीआर वाढला यावरून दर सुधारला असे समजू नये. दहा दिवसांच्या महागड्या रात्री त्यात मिसळल्या, एवढेच. डिसेंबरचे दोन भाग वहीत वेगळेच ठेवावेत.

एडीआरमध्ये कोणते पैसे धरायचे, हेही आधी ठरवायला हवे. जीएसटी धरायचा नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून रोजच्या 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, त्यामुळे 2,200 च्या खोलीसाठी पाहुणा 2,310 रुपये देतो. त्यातले 110 सरकारचे. जेवणाचे आणि धुलाईचे पैसेही वगळावेत. दरात नाश्ता समाविष्ट असेल तर त्याची किंमत वजा करावी. फुकट दिलेली खोली विकल्या गेलेल्यांत धरू नये. मालकाच्या मेहुण्याने चार दिवस खोली अडवली, तर ती वहीत वेगळी दाखवावी. उलट चार दिवस नळ दुरुस्तीसाठी बंद असलेली खोली उपलब्ध खोल्यांतून कमी करू नये. तसे केले तर ऑक्युपन्सी कागदावर चांगली दिसते आणि दुरुस्ती लांबल्याचा तोटा झाकला जातो.

आता उरलेल्या 21 रात्रींकडे पाहू. रोज सरासरी आठ खोल्या जातात, बारा रिकाम्या राहतात. नव्या मालकाला पहिला मोह होतो दर 1,000 वर आणण्याचा. खोली विकली की चादरींची धुलाई, साबण, गरम पाणी, वीज असा वाढीव खर्च होतो. तो रात्रीला 250 रुपये धरू. आज 1,250 मधून 1,000 हाती राहतात, म्हणजे 168 रात्रींचे 1 लाख 68 हजार. दर 1,000 केला की हाती 750 उरतील आणि तेवढेच मिळवायला 224 रात्री विकाव्या लागतील. म्हणजे रोज पावणेतीन खोल्या जास्त. तेवढे पाहुणे स्वस्ताईमुळे खरोखर येणार असतील तरच दर कमी करण्यात अर्थ आहे. बुकिंग ॲपवरून सगळे आले आणि त्याने 20 टक्के कमिशन घेतले, तर हाती 550 च उरतात आणि आवश्यक रात्री 305 च्या वर जातात. ऑक्युपन्सी जवळपास 73 टक्के, खोल्या गजबजलेल्या, कामगार थकलेले आणि कमाई पूर्वीएवढीच.

अधिवेशनाच्या दिवसांत प्रश्न उलटा असतो. 95 टक्के भरणे हे यशाइतकेच दर कमी असल्याचेही चिन्ह असू शकते. समजा दर 2,600 केला आणि 190 ऐवजी 170 रात्री गेल्या, तरी उत्पन्न 4 लाख 42 हजार होते, म्हणजे 24 हजारांनी अधिक. शिवाय वीस रात्रींचा 5 हजारांचा खर्च वाचतो. अर्थात आरक्षित खोल्यांचा दर आधी ठरलेला असेल तर हे स्वातंत्र्य उरलेल्या खोल्यांपुरतेच असते. दर महिन्याला येणारा औषध कंपनीचा प्रतिनिधी दहा दिवसांच्या चढ्या दरामुळे कायमचा दुसरीकडे गेला, तर तो तोटा डिसेंबरच्या हिशेबात दिसत नाही, जानेवारीपासून दिसू लागतो.

दोन आकडे एकत्र पाहण्यासाठी तिसरा आहे. उत्पन्नाला विकलेल्या रात्रींऐवजी उपलब्ध सर्व रात्रींनी भागायचे. याला रेव्हपार म्हणतात. आपल्या हॉटेलचा तो 1,013 रुपये. आता निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर बारा खोल्यांचे दुसरे हॉटेल कल्पू. अधिवेशनाचा गजबजाट तिथे नाही, पण व्यापारी आणि प्रवासी रोज येतात. 372 पैकी 268 रात्री 1,400 रुपयांनी गेल्या. ऑक्युपन्सी 72 टक्के, रेव्हपार 1,009. बेळगावच्या हॉटेलाशी फरक चार रुपयांचा! तरी वाढीव खर्च वजा केल्यावर बेळगावात उपलब्ध खोलीमागे रोज सुमारे 869 उरतात आणि निपाणीत 829, कारण निपाणीत त्याच पैशासाठी प्रमाणाने जास्त खोल्या झाडाव्या लागल्या. मात्र बेळगावची दोन तृतीयांश कमाई दहा रात्रींतली आहे. एखाद्या वर्षी अधिवेशन आटोपते झाले, तर हे चित्र उलटे होईल.

महामार्गावरच्या हॉटेलला एक वेगळी अडचण असते. दुपारी चार तासांसाठी खोली घेणारा प्रवासी आणि त्याच खोलीत रात्री उतरणारा दुसरा, असे दोघेही रात्रींत मोजले तर ऑक्युपन्सी शंभराच्या वर जाऊ शकते आणि एडीआर खाली येतो. दुपारच्या मुक्कामाला वहीत स्वतंत्र रकाना आखावा आणि त्याचे उत्पन्नही वेगळे लिहावे.