तारीख चुकली की आठवण हरवते

नोकरीसाठी वीस ठिकाणी अर्ज केले की कुणाला कधी विचारायचं, हे डोक्यात राहत नाही. गूगल शीट्समध्ये सहा रकाने पुरतात: कंपनी, पद, टप्पा, अर्जाची तारीख, शेवटचा संपर्क आणि पुढची आठवण. अर्जाच्या तारखेपेक्षा मला शेवटचा संपर्क महत्त्वाचा वाटतो, कारण मुलाखतीनंतर मोजणी तिथूनच नव्याने सुरू होते. सहाव्या रकान्यात हे लिहा:

```
=IF(OR(C2="नकार",C2="ऑफर"),"",E2+7)
```

५ मार्चला मुलाखत झाली, तर इथे १२ मार्च दिसेल. नकार आला की आठवण आपोआप पुसली जाईल.

घोटाळा होतो तो तारखेत. शीट अमेरिकी पद्धतीवर असेल, तर 05/03/2025 म्हणजे ३ मे समजलं जातं आणि आठवण थेट १० मेला येते. 15/03/2025 तर तारीख न राहता साधा मजकूर होतो. तो डावीकडे चिकटलेला दिसतो, शेजारी `#VALUE!` उमटतं. म्हणून आधी File मधल्या Settings मध्ये Locale बदलून India करा आणि महिना अक्षरांत दिसेल असं स्वरूप निवडा. आधी भरलेल्या तारखा मात्र एकेक करून तपासाव्या लागतील.