फाइल मंगळवारी दुपारी 1 वाजेपर्यंत हवी
(लेखमाला : कचेरीतलं लिहिणं — लेखांक सातवा)

“गणपती झाले की देतो, ताई.” छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही लहान कारखान्यात ऑगस्टच्या शेवटी हे वाक्य ऐकू येतं. 2025 मध्ये अनंत चतुर्दशी 6 सप्टेंबरला, शनिवारी होती. फाइलची वाट बघणाऱ्या अकाउंट्सवाल्या ताईंनी त्याचा अर्थ धरला सोमवार सकाळ. डिस्पॅच सांभाळणाऱ्या दादांच्या मनात ‘त्या आठवड्यात कधीतरी’ होतं. दोघांचंही बरोबर. म्हणजे सोमवारी दुपारपर्यंत फाइल आली नाही, तर दादांनी शब्द मोडला असं म्हणता येत नाही. शब्दाला वेळच जोडलेली नव्हती. सहकाऱ्याला आठवण करून देण्याचे बहुतेक प्रसंग असेच असतात, आणि म्हणून आठवणीच्या मजकुराचं पहिलं काम म्हणजे राहून गेलेली वेळ सांगणं. ती कशी काढायची आणि कशी सांगायची, ते या एकाच उदाहरणातून पाहू.

बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये वाळूजला सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग करणाऱ्या लहान कारखान्यांची वस्ती वाढली. आपला नमुन्याचा कारखाना त्यातलाच एक समजा. उलाढाल 5 कोटींच्या आत, त्यामुळे ई-इन्व्हॉइसची सक्ती नाही. तीन महिन्यांनी विवरण भरायची सवलत घेता आली असती, पण ग्राहक कंपनीच्या आग्रहामुळे ते दर महिन्याला भरलं जातं. घाईच्या दिवशी काही बिलं गेटवरच बिलबुकावर हाताने लिहिली जातात आणि टॅलीत नंतर चढतात. ती सगळी चढली का, हे तपासायचं एकच साधन म्हणजे दादांचं डिस्पॅच रजिस्टर: कोणत्या तारखेला, कोणत्या चलनावर, कोणत्या बिलाने माल गेला आणि ग्राहकाने किती नग रिजेक्ट करून परत पाठवले. दादांनी कबूल केलेली फाइल ती ही.

आता वेळ. ऑगस्टच्या विक्रीचं जीएसटीआर-1 हे विवरण 11 सप्टेंबरपर्यंत जायला हवं. नेमकी 11 तारीख गाठण्यात शहाणपण नाही, कारण शेवटच्या दिवशी पोर्टल रेंगाळतं. म्हणून सल्लागार 10 तारखेला, बुधवारी भरायचं ठरवतात. त्यासाठी त्यांना 9 तारखेच्या संध्याकाळी 5 पर्यंत माहिती हवी. ताईंना चलनं आणि बिलं जुळवायला तीन तास, आणि एखादं बिल सापडलं नाही तर फोनाफोनीला एक तास. पाचातून चार गेले, म्हणजे मंगळवार, 9 सप्टेंबर, दुपारी 1. ही वेळ कुणी हुकूम म्हणून काढलेली नाही, मागून मोजत आणलेली आहे. तिच्यात दोष देण्याजोगं काही उरत नाही ते त्यामुळेच, दादांनी विचारलं “एकच का?”, तर ताईंकडे उत्तर आहे.

इथं एक मोह होतो. फाइल 9 ला हवी असेल तर “8 ला सकाळी द्या” म्हणावं, म्हणजे निदान 9 ला येईल. हे करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. 8 ला सकाळी जिवाचा आटापिटा करून दिलेली फाइल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी उघडलीही नाही, हे दादांना कळतंच. पुढच्या महिन्यापासून ते ताईंच्या प्रत्येक वेळेतून एक दिवस स्वतःच वजा करू लागतात. मग खरी वेळ सांगायची सोयच राहत नाही.

वेळ मोजताना आणखी एक गोष्ट दिसते, आणि माझ्या मते या प्रकरणातली ती सर्वांत उपयोगी आहे. फाइलच्या सगळ्या भागांना सारखी घाई नसते. एखादं बिल जीएसटीआर-1 मध्ये राहून गेलं, तर 14 तारखेला ग्राहक कंपनीसाठी तयार होणाऱ्या जीएसटीआर-2बी मध्ये ते दिसत नाही, तिला त्या महिन्यात त्या कराचं क्रेडिट मिळत नाही, आणि अनेक कंपन्या अशा वेळी कराची तेवढी रक्कम रोखून धरतात. नंतर जीएसटीआर-1ए भरून चूक सुधारता येते खरी, पण ग्राहकाच्या 2बी मध्ये ते बिल पुढच्या महिन्यात जातं. शिवाय विवरणाच्या 13 व्या तक्त्यात बिलांचा पहिला आणि शेवटचा क्रमांक, मधली रद्द बिलं हे सगळं द्यावं लागतं. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर तो तिथंच उघडा पडतो. म्हणून चलनांची आणि बिल क्रमांकांची यादी मंगळवारी 1 पर्यंत हवीच.

रिजेक्शनचा तक्ता मात्र थांबू शकतो. परत आलेल्या नगांसाठी क्रेडिट नोट काढायची असते, आणि ती ज्या महिन्यात काढली त्या महिन्याच्या विवरणात जाते. ऑगस्टच्या मालाची क्रेडिट नोट सप्टेंबरात काढली तर काही बिघडत नाही. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत कायद्याने मुभा आहे. आणि दादा अडले होते ते नेमके तिथंच. रिजेक्शनचे आकडे ग्राहकाच्या क्वालिटी विभागाकडून येतात, ते दादांच्या हातात नाहीत. “पूर्ण फाइल द्या” म्हटलं की दादा थांबून राहतात. “यादी आज, रिजेक्शन पुढच्या सोमवारी” म्हटलं की यादी अर्ध्या तासात येते.

मग ताईंनी सोमवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे गाड्या भरायला लागण्याआधी, दादांना व्हॉट्सअ‍ॅपवर जे लिहावं ते असं:

“दादा नमस्कार. ऑगस्टच्या डिस्पॅच रजिस्टरमधली चलन आणि बिल क्रमांकांची यादी मला उद्या मंगळवारी, 9 तारखेला दुपारी 1 वाजेपर्यंत लागेल. जुळवणी करून संध्याकाळी 5 ला सल्लागारांकडे द्यायची आहे, त्यात माझे तीन-चार तास जातात. रिजेक्शनचा तक्ता 15 तारखेपर्यंत आला तरी चालेल. बिलबुकाच्या पानांचे फोटो पाठवले तरी मी भरून घेईन. 1 वाजता जमणार नसेल तर आज संध्याकाळपर्यंत सांगा, म्हणजे मी सल्लागारांशी बोलून ठेवते.”

या मजकुरात “तुम्ही म्हणाला होतात” नाही. ते खरं असलं तरी नको, कारण ते वाचल्याबरोबर माणूस फाइल शोधायच्या आधी स्वतःचा बचाव शोधतो. “अजूनही”, “परत एकदा”, “किती वेळा” हेही नाही. तितकंच टाळावं ते दुसरं टोक: “सहज विचारलं हं, सवडीने पाठवा.” मंगळवारी 1 ला हवी असलेली फाइल सवडीने मागणं म्हणजे दादांची फसवणूकच, बुधवारी धावपळ झाली की त्यांना वाटणार, मग आधी सांगितलं का नाही?

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. दादांना नाही म्हणायची वाट त्यात मोकळी ठेवली आहे, आणि त्या नाहीलाही वेळ दिली आहे. सोमवारी संध्याकाळी आलेला नकार ताईंच्या कामाचा असतो. मंगळवारी 1 वाजता आलेला नसतो.

कुठं पाठवायचं हेही लिहिण्याइतकंच बघावं. कारखान्याच्या ज्या ग्रुपवर मालक आहेत, तिथं हाच मजकूर शब्द न बदलता टाकला तरी ती तक्रार होते. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर नाही, तर लगेच दुसरा मेसेज नको. मंगळवारी सकाळी अकराला फोन करावा आणि फाइल कुठं आहे असं न विचारता “यादी कुठवर आली, शेवटच्या आठवड्याची पानं मी भरून घेऊ का?” असं विचारावं. अकरालाच का? अजून दोन तास आहेत आणि काम अर्ध्या तासाचं आहे. एक वाजून पाच मिनिटांनी केलेल्या फोनचा उपयोग फक्त राग काढायला होतो.

इतकं करूनही यादी आली नाही तर? तेव्हा आठवणीचं काम संपलं. ताईंनी सल्लागारांना सांगून 10 तारखेची दुपार मागून घ्यावी आणि स्वतः डिस्पॅचच्या टेबलाशी जाऊन बिलबुक उघडावं. दर महिन्याला हेच होत असेल तर प्रश्न दादांच्या विसरण्याचा नाही, गेटवर हाताने बिलं करण्याच्या पद्धतीचा आहे, आणि तो मालकांसमोर वेगळ्या दिवशी, 11 तारीख उलटल्यावर मांडावा.

सरकारी कचेऱ्यांकडून यात थोडं शिकता येतं, थोडं टाळता येतं. आपल्या शहरातल्या विभागीय आयुक्त कार्यालयाकडे मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांचा कारभार आहे, तेव्हा माहिती मागवणं आणि स्मरणपत्रं धाडणं तिथं रोजचंच. “माहिती अद्याप अप्राप्त आहे, तरी उलटटपाली सादर करावी” हा स्मरणपत्राचा ठरीव साचा. यातलं ‘अद्याप अप्राप्त’ टोचतं आणि ‘उलटटपाली’ला ना तारीख ना वाजलेले किती. राज्याच्या 2005 च्या कायद्यात मात्र नेमकेपणा आहे: कोणत्याही कर्मचाऱ्याकडे धारिका सर्वसाधारणपणे कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहू नये, तातडीची चार दिवसांत आणि अतितातडीची शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली निघावी. या पत्रांतली एक सवय तर जशीच्या तशी उचलावी: “माहिती निरंक असल्यास निरंक असे कळवावे.” आपल्या ताईंनीही 15 तारखेच्या तक्त्याबद्दल “रिजेक्शन नसेल तर ‘निरंक’ एवढंच लिहा” असं जोडलं, तर तक्ता नाही म्हणजे रिजेक्शन नाही की दादा विसरले, हा घोळ होणार नाही.

तुमच्या कचेरीत फाइल मागताना जे लिहिलं जातं, त्याचा एखादा नमुना नावं खोडून जरूर पाठवा. पुढच्या लेखांकात फाइल वेळेवर आली पण मागच्याच महिन्याची आली, तर ती परत कशी मागायची ते पाहू.